'पॉझिटिव्ह' लक्षणं गेली, तरी मुलगा पलंगावरच का? स्किझोफ्रेनिया आणि ताणातले तात्पुरते भास

मानसोपचार तज्ज्ञांच्या चिठ्ठीवर एक ओळ बऱ्याचदा असते : 'पॉझिटिव्ह सिम्प्टम्स कमी, निगेटिव्ह सिम्प्टम्स अजून आहेत.' घरची माणसं ती वाचतात आणि गोंधळून जातात. पॉझिटिव्ह कमी झालं ही वाईट बातमी की चांगली? करोनाच्या काळात 'पॉझिटिव्ह' शब्दाची धास्ती घेतलेली माणसं एक अर्थ लावतात, 'पॉझिटिव्ह राहा' असं रोज ऐकणारी दुसराच लावतात. चिठ्ठीतल्या शब्दाशी या दोन्ही अर्थांचा संबंध नाही.

इथे पॉझिटिव्ह म्हणजे अधिक आणि निगेटिव्ह म्हणजे उणे. निरोगी माणसाच्या अनुभवात जे नसतं ते येऊन मिळालं, तर ते पॉझिटिव्ह लक्षण. जे असायला हवं ते गळून गेलं, तर निगेटिव्ह. गणितातली बेरीज-वजाबाकी, एवढंच. यात चांगलं-वाईट काही नाही. दोन्ही आजारच आहेत, आणि त्यातली वजाबाकी जास्त काळ छळते.

स्किझोफ्रेनिया या नावानंही बराच घोटाळा केला आहे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये हा शब्द वापरला. 'दुभंगलेलं मन' असा त्याचा ग्रीक अर्थ, म्हणून मराठीत 'छिन्नमनस्कता'. त्यामुळे एका देहात दोन माणसं राहतात, असा समज पसरला. ब्लॉयलर यांना विचार, भावना आणि वागणं यांची आपापसातली सांधेजोड तुटते, एवढंच म्हणायचं होतं.

अधिकची बाजू : जे नाही ते जाणवतं

एक उदाहरण घेऊ. समीर हा काल्पनिक मुलगा आहे, पण त्याच्यासोबत जे घडतं ते दवाखान्यात नेहमी दिसणारं आहे. वय २२, सांगलीजवळच्या गावातला, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. फेब्रुवारीत त्याला खोलीबाहेर दोन माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. ती त्याच्याशी बोलत नव्हती, त्याच्याविषयी बोलत होती. 'उठला बघ. आता दात घासतोय. आता बॅग बघेल.' दार उघडलं की बाहेर कोणी नसायचं. हा भास. कानावर काही पडत नसताना पडल्यासारखं जाणवणं, आणि तेही मनातल्या विचारासारखं अंधूक नाही, रस्त्यावरच्या बोलण्याइतकं स्पष्ट.

मग त्याला उलगडा झाला, किंवा झाला असं वाटलं. समोरच्या इमारतीतले लोक त्याच्या मोबाइलमधून त्याच्यावर पाळत ठेवतात. त्यानं मोबाइल पोळ्यांच्या फॉइलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवला. वडिलांनी समोरच्या घरी नेऊन दाखवलं, तिथे एक आजी-आजोबा राहत होते. समीर म्हणाला, 'म्हणजे तेही त्यात आहेत.' हा भ्रम. कोणताही पुरावा ज्याला हलवू शकत नाही आणि विरुद्ध पुरावाही जो पोटात घेतो, असा ठाम, चुकीचा विश्वास. तिसरी गोष्ट बोलण्यातल्या विस्कळीतपणाची. 'जेवलास का?' या प्रश्नाला सुरू झालेलं उत्तर रेल्वेच्या वेळापत्रकावर जातं, तिथून रंगांवर, आणि ऐकणाऱ्याला कुठेच धागा सापडत नाही.

हे का होतं, याची थोडी कल्पना आता आली आहे. तुम्ही स्वतःला गुदगुल्या करून बघा, होणार नाहीत. कारण तुमचा हात हलण्याआधीच मेंदू आतल्या आत सूचना देतो, 'हे आपलंच आहे, लक्ष देऊ नको.' आवाज ऐकू येणाऱ्या किंवा आपलं शरीर दुसराच कोणी चालवतोय असं वाटणाऱ्या रुग्णांवर प्रयोग झाले. स्वतःच्या हाताचा स्पर्श त्यांना दुसऱ्याच्या स्पर्शाइतकाच तीव्र जाणवला. ही 'आपलंच आहे' सूचना नीट पोचली नाही, तर आपल्याच मनातलं बोलणं परक्याचं वाटू शकतं. आपण सगळेच दिवसभर मनात बोलतो. फरक फक्त त्यावर आपलं नाव लागण्याचा आहे.

भ्रमांसाठी दुसरी उपमा चालते. डोपामिन हे मेंदूतलं रसायन हायलायटर पेनसारखं काम करतं. आजूबाजूच्या हजार गोष्टींतली एखादी रंगवून 'ही महत्त्वाची' असं ते सांगतं. या आजारात मेंदूच्या एका भागात डोपामिन नको तेव्हा आणि नको तिथे सुटतं. शेजाऱ्याचा खोकला, गाडीचा नंबर, टीव्हीवरचं एखादं वाक्य, सगळंच पिवळं होतं. आणि एवढं सगळं महत्त्वाचं दिसू लागलं, तर माणूस त्यांना जोडणारी गोष्ट रचणारच.

उण्याची बाजू : जे असायचं ते गळून जातं

आता समीरची तारीख मागे नेऊ. घरचे सांगतात, 'फेब्रुवारीत सुरू झालं.' पण नीट विचारलं की वेगळंच कळतं. आदल्या जूनपासून त्यानं रविवारचं क्रिकेट सोडलं होतं. मित्रांनी बोलावलं की 'बघू' म्हणायचा. दिवाळीत घरी आला तेव्हा आत्या, मावशी, सगळी जमली होती. आईनं फराळाचं ताट खोलीत नेऊन दिलं. तासाभरानं पाहिलं तर करंजी, चिवडा, चकली जशीच्या तशी, आणि समीर ताटाकडे बघत बसलेला. भांडण नाही, रडणं नाही, रुसवाही नाही. जानेवारीत त्यानं परीक्षेचा फॉर्मच भरला नाही आणि ते कोणाला सांगितलंही नाही.

ही निगेटिव्ह लक्षणं. अभ्यासक त्यांचे पाच प्रकार सांगतात, पण रोजच्या भाषेत ती अशी दिसतात. चेहऱ्यावरचे आणि आवाजातले चढउतार सपाट होतात. बोलणं आखडतं, प्रश्नाला एका शब्दात उत्तर. माणसांची ओढ कमी होते. आनंदाची अपेक्षा राहत नाही. आणि पाचवं, घरच्यांना सर्वांत जास्त त्रास देणारं : कामाला सुरुवात करण्याची आतली ढकल जाते.

या ढकलीकडे जरा जवळून बघायला हवं. आई म्हणते, 'अंघोळ कर.' समीर उठतो, टॉवेल खांद्यावर घेतो आणि पलंगाच्या कडेला बसतो. पाऊण तासानंतरही तो तिथेच, टॉवेल खांद्यावर. त्याला अंघोळ नकोय असं नाही. 'करायचंय' आणि 'करतोय' यांच्यातला जो पूल आपल्याला कधी दिसतही नाही, तो त्याच्याकडे तुटला आहे.

'पण हा तर निव्वळ आळस आहे!'

हा आक्षेप घराघरांत असतो आणि तो समजण्यासारखा आहे. भासांना लोक आजार मानतात, पडून राहण्याला स्वभाव मानतात. पण आळशी माणूस नको ते काम टाळतो आणि आवडीच्या कामाला लगेच उठतो. निगेटिव्ह लक्षणांत आवडीचं कामही तसंच पडून राहतं. समीर अभ्यास टाळून क्रिकेट खेळत असता, तर गोष्ट वेगळी होती. त्यानं क्रिकेट आधी सोडलं.

एक उपयोगी गोष्ट संशोधनातून पुढे आली आहे. या रुग्णांना हातातल्या क्षणाचा आनंद बऱ्यापैकी होतो. त्यांच्यात कमजोर असते ती पुढच्या आनंदाची चाहूल. गरम शिरा समोर आला तर समीर खातो, आवडल्याचं सांगतोही. पण 'शिरा करू का?' या प्रश्नानं त्याच्या मनात काहीच हलत नाही, म्हणून उत्तर येतं, 'नको.' त्यामुळे 'तुला काय करावंसं वाटतं?' या प्रश्नाचा फारसा उपयोग होत नाही. ठरलेल्या वेळी वस्तू समोर आणणं आणि पहिली पायरी सोबत करणं जास्त कामी येतं. बादली भरून ठेवायची, न्हाणीघराच्या दारापर्यंत बरोबर जायचं, बाकीचं त्याच्यावर सोडायचं. काही आठवड्यांनी दारापर्यंत जाणंही थांबवायचं. टोमण्यांनी ही ढकल परत येत नाही. उलट सतत टीका होणाऱ्या घरांत आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाण जास्त असतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

'औषधं चालू आहेत, मग हे का जात नाही?'

कारण औषधं मुख्यतः बेरजेवर काम करतात. या आजाराची बहुतेक औषधं पेशींवर डोपामिन जिथे चिकटतं त्या जागा रोखतात, म्हणजे हायलायटरची शाई कमी करतात. झोप आणि अस्वस्थता काही दिवसांत सुधारते, आवाज आणि संशय ओसरायला आठवडे लागतात. योग्य मात्रेत साधारण चार ते सहा आठवडे दिल्याशिवाय औषध लागू पडलं की नाही, हे ठरवता येत नाही. वजाबाकी मात्र औषधांना फारशी दाद देत नाही. ती कमी करायला ठरलेली दिनचर्या, रोजची कामं पुन्हा जमवून देणारा व्यवसायोपचार, माणसांत मिसळण्याचा सराव आणि झेपेल तितकं काम लागतं.

इथे एक बारीक गोष्ट नेहमी निसटते. पडून राहण्याचं कारण दर वेळी आजाराची मूळ वजाबाकीच असेल असं नाही. औषधाची मात्रा वाढवल्यावर थोड्याच दिवसांत चेहरा ताठर झाला, चालताना हात हलेनासे झाले, बोटं थरथरू लागली किंवा लाळ गळू लागली, तर तो औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. मात्रा किंवा औषध बदलून तो कमी होतो. माणूस बाहेर पडत नाही कारण बाहेर आवाज वाढतात, असंही असतं. ती वजाबाकी बेरजेतून आलेली. आणि तो उदास असेल, स्वतःला दोष देत असेल, जगण्यात अर्थ नाही म्हणत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर वेगळे उपचार आहेत आणि ते लांबणीवर टाकणं धोक्याचं आहे. म्हणून डॉक्टरांना 'नुसता पडून असतो' एवढंच सांगू नका. कधीपासून आणि कोणत्या बदलानंतर, हेही सांगा. गोळ्या स्वतःहून बंद करणं हा यावरचा उपाय नव्हे, त्यानं बेरीज परत येते.

'मलाही एकदा आवाज आला होता. मग मला काय म्हणायचं?'

बहुधा काहीच नाही. दुसरं काल्पनिक उदाहरण केतकीचं. वय १९, सीएच्या परीक्षेला बसलेली. चार रात्री दोन-तीन तासच झोप आणि दिवसभर चहा-कॉफी. चौथ्या पहाटे तीन वाजता, डोळा लागता लागता, तिला आईच्या आवाजात स्वच्छ हाक ऐकू आली, 'केतकी!' आई तर नाशिकला. थोड्या वेळानं पडद्यामागे कोणी सरकल्यासारखं वाटलं. ती घाबरली, तिनं मोबाइलवर शोधलं आणि स्वतःच निदान केलं : स्किझोफ्रेनिया.

तिच्या अनुभवात आणि समीरच्या अनुभवात फरक कुठे आहे? पहिला, वेळ आणि परिस्थिती. हाक आली ती झोपेच्या उंबरठ्यावर. झोप लागताना किंवा मोडताना आपलं नाव ऐकू येणं, खोलीत कोणी असल्यासारखं वाटणं निरोगी माणसांतही पुष्कळदा घडतं. शिवाय जागरणच पुरेसं असतं. एक-दोन दिवस सलग जागं राहिलं तरी आकार आणि सावल्या वेड्यावाकड्या दिसू लागतात, त्यापुढे नसलेल्या गोष्टीही दिसू शकतात. दुसरा फरक शंकेचा. केतकीच्या मनात लगेच आलं, 'खरंच आला का आवाज?' समीरला ती शंका आली नाही, त्याला उलगडा झाला. तिसरा, केतकीच्या हाकेभोवती गोष्ट रचली गेली नाही. चौथा फरक निर्णायक : दोन रात्री झोपल्यावर ते सगळं गेलं. आणि पाचवा, जो आपण सहसा विचारतच नाही. मागच्या वर्षात केतकीतून काय वजा झालं होतं? काही नाही. ती मैत्रिणींशी भांडत होती, अभ्यास करत होती, परीक्षेनंतर गोव्याला जायचं ठरवत होती.

असे अनुभव किती सामान्य आहेत? १८ देशांतल्या ३१ हजारांहून अधिक लोकांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. झोप, नशा वगैरे कारणं वगळूनही ५.८ टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी भास किंवा भ्रमासारखा अनुभव आला होता, आणि त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना तो एकदाच आला होता. स्किझोफ्रेनिया आयुष्यात होण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आहे. म्हणजे अनुभव आलेल्या बहुतेकांना हा आजार नसतो. शोकातही असंच होतं. १९७१ मध्ये वेल्समधल्या जवळपास तीनशे विधवा-विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व जाणवलं होतं आणि पुष्कळांना त्यानं आधारच वाटला होता. आजोबा गेल्यावर महिनाभरानं आजीला त्यांची खाकर ऐकू आली, तर तिला दवाखान्यात न्यायची घाई नको. तिच्याजवळ बसा.

जत्रेत किंवा गोंधळात अंगात येणंही याच पट्टीनं बघता येतं. ते ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी येतं, भोवतालच्यांना त्याचा अर्थ माहीत असतो, आणि दुसऱ्या दिवशी ती बाई नेहमीसारखी कामाला लागते. पण तेच आठवडेच्या आठवडे, घरात एकटं असताना, झोप आणि जेवण सुटून होत असेल, तर 'बाहेरचं' म्हणून मांत्रिकाकडे घालवलेला प्रत्येक महिना उपचारातून वजा होतो.

'पण समीरलाही परीक्षेच्या ताणानंच झालं ना?'

इथे घसरायला होतं. ताण होता म्हणजे आजार नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. ज्याच्यात आधीच कल आहे, त्याच्यात ताण, जागरण आणि विशेषतः गांजा स्किझोफ्रेनियाला तोंड फोडू शकतात. त्यामुळे 'ताण होता का?' हा प्रश्न फार उपयोगी नाही. 'ताण ओसरल्यावर अनुभव ओसरला का?' हा विचारायचा प्रश्न आहे.

आणि या दोहोंमध्ये एक खराखुरा मधला प्रकारही आहे. एखादी व्यक्ती पूर्ण बरी असते. मोठ्या धक्क्यानंतर किंवा बाळंतपणानंतर काही दिवसांत तिला जोरदार भास-भ्रम सुरू होतात, रोज त्यांचं रूप बदलतं, निगेटिव्ह लक्षणं नसतात, आणि ती काही आठवड्यांत पूर्ववत होते. अमेरिकी पद्धतीत हा प्रकार एक दिवस ते एक महिना एवढाच धरतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत तीन महिन्यांपर्यंत. स्किझोफ्रेनिया म्हणायला जागतिक पद्धतीत ठळक लक्षणं किमान महिनाभर टिकावी लागतात. अमेरिकी पद्धतीत महिनाभराची ठळक लक्षणं आणि ती धरून किमान सहा महिने सलग चाललेला एकूण बिघाड लागतो. समीरचा जून ते फेब्रुवारी काळ या हिशोबात मोजला जातो, म्हणूनच घरच्यांना तो आठवणं महत्त्वाचं. मधल्या प्रकारातल्या काहींचं निदान पुढे बदलतं. त्यामुळे 'आपोआप बरं होईल' म्हणून थांबू नये, बरं झाल्यावरही तपासणी सोडू नये. बाळंतपणानंतर असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

वयस्कर माणसाला तापात अचानक मुंग्या, माणसं दिसू लागली, दिवसा बरा आणि रात्री गोंधळलेला असं झालं, किंवा दारू थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत थरथर आणि भास सुरू झाले, तर शारीरिक कारण आधी शोधावं लागतं आणि तेही तातडीनं.

कधी थांबायचं, कधी जायचं

झोप पूर्ण झाल्यावरही अनुभव येत राहिला, त्याभोवती पक्की गोष्ट जमू लागली, किंवा अभ्यास, काम, माणसं सुटत चालली, तर एक-दोन आठवड्यांपेक्षा जास्त थांबू नये. आवाज काही करायला सांगत असतील, अन्नात विष आहे म्हणून जेवण बंद असेल, किंवा मरणाचं बोलणं असेल, तर त्याच दिवशी जावं. दिवसरात्र चालणाऱ्या १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करता येते.

तोवर घरात वाद घालून भ्रम मोडायचा प्रयत्न करू नका, आणि 'हो हो, बरोबर आहे' असं खोटंही बोलू नका. 'तुला ऐकू येतंय हे मला पटतंय. मला ऐकू येत नाहीये. पण तुला किती भीती वाटत असेल' एवढं खरं आणि पुरेसं असतं.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर तारखांसह लिहून न्या. आवाज किंवा संशय पहिल्यांदा कधी बोलून दाखवला. झोप किती तास, कधीपासून बिघडली. गांजा, भांग, दारू, चालू असलेली औषधं. घराण्यात कुणाला असा त्रास होता का. आणि त्याच्या आधीच्या वर्षाबद्दल : आवडीचं काम शेवटचं कधी केलं, कुणाच्या चेष्टेवर शेवटचा कधी मोकळेपणानं हसला, स्वतःहून कुणाला शेवटचा फोन कधी केला.